मुकादमासमोरही वाचता येईल अशी गोष्ट

प्रश्न : आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. दर महिन्याला ब्लॉगवर एका मुलाची किंवा मुलीची गोष्ट टाकायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला मसुदा असा सुरू होतो : ‘अठराविश्वे दारिद्र्यात जन्मलेली, आईचं गर्भाशय काढल्यामुळे घरची सगळी कामं अंगावर पडलेली ही चौदा वर्षांची मुलगी (नाव, गाव, फोटो दिलाय) आज संस्थेमुळे डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहते. तिच्यासारखी ९५ टक्के मुलं आमच्यामुळे शाळेत टिकली.’ प्रवेशाच्या वेळी पालकांची फोटोसाठी सही घेतलेली आहे. वरिष्ठांना मसुदा आवडलाय, मला मात्र वाचताना कसंतरी होतं. नेमकं काय चुकतंय आणि कसं लिहू? मुलाखतीची टिपणं सोबत पाठवते.

उत्तर :

सगळ्यात आधी ते गर्भाशयाचं वाक्य काढा. बाकीचं दुरुस्त करता येईल, ते नाही. तुमची टिपणं वाचली. ही माहिती आईने तुम्हाला दिलेलीच नाही. वसतिगृहातल्या ताई बोलता बोलता बोलून गेल्या आणि तुम्ही लिहून घेतलीत. म्हणजे एका बाईच्या शस्त्रक्रियेबद्दल दुसरीने सांगितलं, तिसरीने लिहिलं आणि आता ते तिच्या मुलीच्या फोटोखाली गावाच्या नावासकट छापलं जाणार. मुलगी वसतिगृहात का राहिली हे कळायला त्या वाक्याची गरजही नाही. वाचणारा हळहळावा एवढ्यासाठीच ते तिथे आलंय.

या शस्त्रक्रियांवर संस्थेला बोलायचंच असेल तर स्वतंत्र लेख लिहा, त्याला भक्कम आधार आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साधारण दर सहा जणींत एक. एवढं सांगायला कुणाचं नाव लागत नाही आणि फोटोही लागत नाही.

आता हे वाचणार कोण, ते बघा. तुम्ही लिहिताना पुण्या-मुंबईचा देणगीदार डोळ्यांपुढे ठेवलाय. पण ब्लॉगची लिंक पहिल्यांदा जाते ती गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि टाकणारा बहुतेक वेळा आपलाच कोणीतरी असतो, कौतुकानेच टाकतो. त्या ग्रुपवर मुकादम असतो, सरपंच असतो, मुलीच्या वर्गातली पोरं असतात आणि उद्या सोयरीक जमवायला येणारे पाहुणेही असतात. म्हणून मी प्रत्येक मसुद्याला एकच प्रश्न विचारते : हा मजकूर संध्याकाळी पारावर सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला, तर त्या घरातल्या कुणाला मान खाली घालावी लागेल का? कुणाच्या पोटात गोळा येईल का?

मान खाली जाईल अशा गोष्टी पटकन दिसतात, पोटात गोळा आणणाऱ्या दिसत नाहीत. तुमच्या टिपणांत आहे की अंगात ताप असतानाही मुकादमाने आईला उसाच्या फडातून सोडलं नाही. मसुद्याच्या दुसऱ्या पानावर ते तुम्ही ठळक करून घेतलंय. खरं असेलही. पण हा व्यवहार कसा चालतो? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटत जाते आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. उचल किती द्यायची, कोणत्या कारखान्यावर धाडायचं, बाकी किती निघते, हे सगळं त्याच्याच वहीत. तुम्ही लेख छापून पुढच्या कामाला लागाल. त्या जोडप्याला मात्र पावसाळ्यात पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभं राहायचंय.

अशा वाक्याचं काय करायचं? एक तर काढायचं. किंवा तीन-चार वेगवेगळ्या गावांतल्या कुटुंबांनी तसंच सांगितलं असेल तर ते संस्थेने आपल्या तोंडी घ्यायचं : ‘हंगामात आजारी पडलं तरी सुट्टी मागता येत नाही, असं आम्हाला भेटलेल्या अनेक जोडप्यांनी सांगितलं.’ आता मुकादमांना राग आलाच तर तो संस्थेवर येईल, आणि तो झेलायला संस्था त्या बाईंपेक्षा बळकट आहे. मारहाण, डांबून ठेवणं असं काही कानावर आलं तर तो ब्लॉगचा विषयच राहत नाही. तिथे कुटुंबाला विचारून पोलीस किंवा कामगार अधिकाऱ्यांकडे जायचं, आणि लेखात त्याचा उल्लेखही करायचा नाही.

नाव बदललं म्हणजे झालं असं नाही

तुमचे वरिष्ठ म्हणतील, मग नाव बदलू. पंधराशे वस्तीच्या गावात त्याने काहीच होत नाही. आठवीतली मुलगी, दोन धाकटे भाऊ, आजी एकटी, वडिलांचा कोयता अमुक कारखान्यावर : एवढ्या चार गोष्टी एकत्र आल्या की गावातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. ओळख एका तपशिलाने फुटत नाही, तपशील एकमेकांना जोडले गेले की फुटते. म्हणून गावाऐवजी जिल्हा लिहा, ‘चौदा वर्षांची’ऐवजी ‘आठवी-नववीतली’ लिहा, भावंडांची संख्या आणि कारखान्याचं नाव सोडून द्या. आडनाव कधीच देऊ नका. आपल्याकडे आडनावावरून जात कळते, बऱ्याचदा गावही.

मात्र झाकायचं म्हणून खोटं लिहायचं नाही. मुलीचा मुलगा करणं, दोन कुटुंबांच्या गोष्टी एकत्र करून एक ‘प्रातिनिधिक’ मुलगी बनवणं, हे प्रकार सर्रास चालतात आणि एकदा उघडकीस आले की संस्थेच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. सुरुवातीलाच एक ओळ टाका : ‘नाव बदललं आहे, गाव आणि काही तपशील मुद्दाम दिलेले नाहीत.’ बदललेलं नाव मुलीलाच निवडू द्या. हा भाग मुलींना फार आवडतो, आणि त्या निमित्ताने आपली गोष्ट नावाशिवाय जाणार आहे हे त्यांना नीट कळतंही.

पाठमोरा फोटो गावात चालत नाही. वेणी, फ्रॉक, दप्तर, मागची भिंत यांवरून माणूस ओळखू येतो. वस्तूंचे फोटो घ्या : ओळीने लावलेल्या पत्र्याच्या पेट्या, जेवणाची ताटं, फळ्यावरचं अर्धवट गणित. शाळेचा बोर्ड आणि गणवेशावरचा बिल्ला चौकटीबाहेर ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याची लोकेशन सेटिंग बंद करा, नाहीतर मूळ फाइल वेबसाइटवर चढवली की फोटो कुठे काढला ते तिच्यासोबत जाऊ शकतं. आणि फाइलचं नाव बघा. लेखात नाव बदललेलं आणि फोटोच्या फाइलला मुलीचं खरं नाव-आडनाव, हे मी कितीतरी संस्थांच्या साइटवर पाहिलंय. `vasatigruha-01.jpg` पुरे.

जाता जाता कायद्याचं एक, कारण ‘आम्ही बालविवाह रोखला’ ही गोष्ट तुमच्याकडे लवकरच मागितली जाईल. ज्या मुलीचं लग्न लावून देण्याचा धोका समोर आहे ती बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. प्रकरण बालकल्याण समितीपुढे गेलं असेल तर कलम ७४ लागतं : नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे पालकांची सही उपयोगाची नाही. मुलीचं हित असेल तर समितीच लेखी परवानगी देऊ शकते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांबाबत पॉक्सो कायद्याचं कलम २३ असंच कडक आहे.

ती सही

प्रवेशाच्या दिवशी काय असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. बिऱ्हाड बांधलेलं, गाडी वेशीवर उभी, आईचं लक्ष धाकट्याकडे. फॉर्मवर चार ठिकाणी सह्या, त्यातली एक ‘संस्थेच्या प्रचारासाठी छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’ या ओळीखाली. पोराला ठेवून घेतील की नाही या काळजीत असलेला माणूस कशावरही सही करेल. ती सही फाइलमध्ये राहू द्या, पण तिला संमती म्हणू नका.

संमती दोनदा घ्यावी लागते : बोलण्याआधी एकदा, लेख तयार झाल्यावर एकदा. आणि विचारणारा माणूस वेगळा हवा. वसतिगृहाच्या ताई, मुख्याध्यापक, प्रवेश ठरवणारं कोणीही विचारायला नको. त्यांना नाही म्हणणं पालकांना परवडत नाही. तुम्ही स्वतः जा, एकट्या. आई-वडील फडावर असतील तर फोनवर घाईघाईने उरकू नका, चैत्र-वैशाखात ते गावी परततात तोवर थांबा. त्या महिन्याला गोष्ट नाही मिळाली तर नाही मिळाली.

गेल्यावर मोबाइलवर तुमचाच जुना लेख उघडून दाखवा. हे जगात कोणीही, कधीही बघू शकतं, हे दाखवायला दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही तोच लेख उघडा. मग तुम्ही समजावून सांगणं थांबवा आणि त्यांना सांगू द्या : “आता हे कोण कोण वाचंल असं वाटतं तुम्हाला?” उत्तरात ‘तुमच्या ऑफिसातली माणसं’ एवढंच आलं तर अजून कळलेलं नाही. ‘गावातली बी वाचतील की’ असं आलं की पुढे जा. नंतर एकेक गोष्ट वेगळी विचारा. बोललेलं छापायचं का, फोटो चालेल का, देणगीदारांच्या अहवालात गेलं तर चालेल का, पेपरवाल्याने मागितलं तर द्यायचं का. एका होकारात सगळं गुंडाळू नका. अंगठ्याऐवजी, त्यांची हरकत नसेल तर, हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

‘नाही’ फार क्वचित ऐकू येतं. ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘सरांना इचारा’, ‘बघा तुमीच’, किंवा नुसतं गप्प राहून नवऱ्याकडे बघणं, हे सगळं नकारातच धरायचं. का नको, हे विचारायचं नाही. आणि कुणी नकार दिला ते वसतिगृहात कुणालाही कळता कामा नये. हे आधीच सांगितलं तर नकार देणं सोपं जातं.

मुलीला स्वतंत्र विचारा, आई जवळ नसताना. आई-वडिलांचा होकार आणि मुलीचा नकार असेल तर नकार धरायचा. लेख तयार झाला की दोघींना तो मोठ्याने वाचून दाखवा, वाचता येत असलं तरी. कुठल्या वाक्याला त्या अडखळतील याचा अंदाज आपल्याला बसत नाही. आपण ज्याला दुःख समजून जपून लिहितो त्यावर त्या हसतात, आणि कर्जाचा आकडा किंवा ‘पत्र्याचं खोपट’ असा साधा शब्द खुपतो. खोडा म्हणाल्या की खोडायचं, वाद घालायचा नाही.

होकाराला मुदत घाला : पुढच्या हंगामापर्यंत. मग पुन्हा विचारा. एका कागदावर तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि सांगा की मन बदललं तर मिस्ड कॉल द्या, दोन दिवसांत काढू. सोबत हेही सांगा की आम्ही साइटवरून काढू, पण कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवला असेल तर तो आमच्या हातात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे असं म्हटलंय. मिस्ड कॉलची सोय त्यातही बसते.

पैशाचं विचाराल तर गोष्टीचे पैसे देऊ नका. पण मुलाखतीसाठी कुणाचा रोज बुडाला असेल तर तो आणि येण्या-जाण्याचं भाडं आधीच द्या, होकार असो वा नसो. त्याच दिवशी साडी, शिधा, दप्तर असलं काही वाटू नका.

लिहायचं कसं

तुमच्या मसुद्यात संचालकताई ‘म्हणाल्या’, गटशिक्षणाधिकारी ‘म्हणाले’ आणि मुलीची आई ‘म्हणाली’. एवढ्याने वाचणाऱ्याला कळतं की कोण खुर्चीवर बसलंय आणि कोण जमिनीवर. आईंनाही ‘म्हणाल्या’ करा. मुलीला ‘ती’ म्हणालात तर चालेल, मुख्याध्यापकांच्या मुलीलाही तुम्ही तसंच लिहिलं असतं.

दुसरं, डॉक्टरचं. टिपणांत प्रश्न तुमचा आहे : “मोठेपणी डॉक्टर व्हायला आवडेल का?” त्यावर ‘मान हलवली’ असं लिहिलंय. हे तिचं स्वप्न झालं नाही. तिने स्वतःहून सांगितलेली गोष्ट त्याच पानावर खाली आहे. नववीला शाळा दुसऱ्या गावाला, म्हणून सायकल हवी. ती लिहा. आईंचं एक वाक्यही तुम्ही जसंच्या तसं उतरवलंय, फार चांगलं केलंत. मसुद्यात मात्र त्याचं ‘संस्थेमुळे माझ्या मुलीच्या आयुष्यात परिवर्तन घडले’ असं झालंय. असं मराठी कोणतीच आई बोलत नाही, आणि हे वाक्य संस्थेने लिहिलंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. बोली जशी आहे तशी ठेवा. फक्त गंमत म्हणून ती आणखी गावरान करू नका.

तुमच्या टिपणांतूनच मी सुरुवात अशी लिहीन, ‘शालन’ हे नाव तात्पुरतं घातलंय :

> दिवाळी सरली की गावातली घरं एकेक करून बंद होऊ लागतात. गेल्या हंगामात शालनही आई-वडिलांबरोबर गेली होती. ते फडात असत, ती कोपीवर लहानग्यांना सांभाळायची, पाणी भरायची. सातवीचं दुसरं सत्र तिचं बुडालं. यंदा आजींनी ठरवलं की पोरगी माझ्यापाशी राहील. जेवण आणि अभ्यास वसतिगृहात, झोपायला आजींकडे. शालनच्या आई म्हणतात, “पोरगी हितं ऱ्हायली म्हून म्या निवांत ऊस तोडला, आसं न्हाई. जीव समदा हिकडंच व्हता.” शालन मार्चअखेरपर्यंत शाळेत आली. गणितात ती अजून मागे आहे. सातवीचा बुडालेला भाग भरून काढायला आमच्याकडे सध्या शिक्षक नाहीत. नववीला शाळा दुसऱ्या गावाला आहे, तिला सायकल हवी आहे.

यात निर्णय आजींचा आहे आणि संस्था त्यांच्या मागे उभी आहे, जे प्रत्यक्षात घडलं तेच. दारिद्र्य शब्द कुठे नाही, तरी परिस्थिती कळते. आणि जे जमलं नाही तेही आत आहे. शिक्षक नसल्याचं वाक्य वरिष्ठ काढायला सांगतील. ते राहू द्या म्हणून आग्रह धरा, देणगीदाराने नेमके कशाला पैसे द्यायचे ते त्याच वाक्यात आहे.

आणि ९५ टक्के

हा आकडा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो खोटाही नसेल. कशाचे ९५ टक्के, एवढंच त्यातून कळत नाही. मी विचारलं असतं तर बहुधा असं कळलं असतं की मार्चमध्ये हजेरीपटावर इतकी नावं होती. पण पटावर नाव असणं आणि पोर गावात असणं यांत किती अंतर असतं ते बीडमधल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. बाप मधेच येऊन घेऊन जातो, नाव तसंच राहतं. म्हणून मोजायचं ते ताटाशी. आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, रात्रीच्या जेवणाला किती मुलं बसली ते वसतिगृहाबाहेरच्या माणसाने मोजून वहीत तारखेसह लिहायचं. फोन नको, अॅप नको.

आता ‘आमच्यामुळे’ हा शब्द. समजा नोव्हेंबरमध्ये ४० मुलं आली आणि मार्चअखेर ३४ होती. म्हणजे ८५ टक्के. पण या चाळीसमधली काही मुलं वसतिगृह नसतं तरी आजी-आजोबांकडे राहिलीच असती. ती टिकली याचं श्रेय आपल्याला घेता येत नाही. हे ओळखायला प्रवेशाच्या फॉर्मवर एकच प्रश्न वाढवा : मागच्या हंगामात हे मूल कुठे होतं? समजा उत्तरांवरून कळलं की २२ मुलं मागच्या वर्षीही गावातच होती आणि १८ फडावर गेली होती. त्या १८ पैकी यंदा मार्चअखेर १३ गावात होती. मग लिहायचं वाक्य हे : ‘मागच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गेलेल्या १८ मुलांपैकी १३ मुलं यंदा मार्चअखेरपर्यंत गावात राहून शाळेत गेली. पाच मुलं मधेच फडावर गेली.’ ९५ टक्क्यांपुढे १३ हा आकडा लहान दिसतो, पण तो कोणी खोडू शकत नाही.

त्यालाही मर्यादा आहे. त्यातलं एखादं पोर वसतिगृहामुळे नाही, धाकटं भावंड आता मोठं झालं म्हणून थांबलं असेल. शेजारच्या, वसतिगृह नसलेल्या गावात मागच्या वर्षी फडावर गेलेल्या मुलांपैकी यंदा किती राहिली, हे शाळेतून विचारून पाहिलंत तर थोडा अंदाज येतो. तेही जमलं नाही तर ‘आमच्यामुळे’ ऐवजी ‘वसतिगृहात राहिलेल्या’ लिहा. आणि गावातल्या एकूण किती मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात तो आकडा शेजारी द्या. समजा तो ९० आहे, तर ५० मुलं वसतिगृहात आलीच नाहीत. ती का आली नाहीत, हा एका महिन्याच्या लेखाचा चांगला विषय आहे.

शिकण्याची प्रगती मोजत असाल तर ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणातल्या वाचनचाचणीचे टप्पे वापरा : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सोपे आहेत, दहा मिनिटांत एका मुलाचं होतं. दोन ठिकाणी आकडे फसवतात. नोव्हेंबरमध्ये ४० मुलांची चाचणी आणि मार्चमध्ये उरलेल्या ३४ जणांची, असं केलं तर गेलेली सहा बहुधा मागे पडलेलीच असतात आणि सरासरी आपोआप वर जाते. म्हणून दोन्ही वेळा हजर असलेल्याच मुलांची तुलना करा आणि किती गळली ते लिहा. शिवाय शिकवणाऱ्या ताईंनीच चाचणी घेतली तर अडखळणारं पोरही ‘वाचतं’ ठरतं, मुद्दाम नव्हे, मायेने. दुसऱ्या गावच्या कार्यकर्तीला बसवा. आणि हे लक्षात असू द्या की चार महिने कुठल्याही शाळेत गेलेलं मूल थोडं पुढे जातंच.

गोष्ट कुणाची निवडली हेही सांगायला हवं. दर महिन्याला सगळ्यात हुशार पोर निवडलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळी अशीच आहेत. वर्षातून निदान तीन-चार वेळा हजेरीपटावरच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला, तिच्या घरचे हो म्हणाले तर तिची गोष्ट लिहा, आणि ‘चिठ्ठी काढून निवडली’ असं खाली लिहा. मधेच फडावर गेलेल्यांपैकी एखादं नाव निघालं तर ते बाजूला ठेवून दुसरी चिठ्ठी उचलू नका.

वरिष्ठांचं काय करायचं? चेहरा आणि ‘आधी-नंतर’चे फोटो सीएसआरवाल्यांना हवेत, असं ते म्हणतील, आणि ते खरंही आहे. त्यांच्याशी तत्त्वाची चर्चा करत बसू नका. पुढचा करार होताना एक कलम घालून घ्या की मुलांचे ओळख पटतील असे फोटो आणि नावं संस्था देणार नाही, त्याऐवजी दर तिमाहीला ताटांच्या मोजणीचा तक्ता देईल. बऱ्याच कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना वर दाखवायला कागद हवा असतो आणि तक्ता त्यांना फोटोपेक्षा सोयीचा पडतो. जे तरीही अडून बसतील त्यांना वसतिगृहात बोलवा, मुलांबरोबर जेवू द्या, मोबाइल मात्र ऑफिसात ठेवायला सांगा.

या महिन्याचा लेख मात्र अजून द्यायचा नाही. शालनच्या आई-वडिलांना गावी येऊ द्या, मसुदा वाचून दाखवा. तोवर ब्लॉग रिकामा राहू नये म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर तो नवा प्रश्न का घातला आणि घरोघरी त्याची काय उत्तरं मिळाली, ते लिहा.